शिजवल्यानं कोबी बदलतो, बाजरी नाही

संक्रांतीच्या आधी महिनाभर सोलापुरात लक्ष्मी मंडईत फ्लॉवरचे ढीग लागतात, कोबीचे गड्डे पोत्यांतून उतरतात आणि घराघरांत पिठाच्या डब्यात ज्वारीशेजारी बाजरीला जागा मिळते. नेमका त्याच सुमारास मोबाईलवर एक यादी फिरायला लागते. थायरॉइड असेल तर कोबी नको, फ्लॉवर नको, मुळा नको, बाजरी तर अजिबात नको. खाली हात जोडल्याचं चित्र आणि "जनहितार्थ". २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि भरडधान्याचं कौतुक वाढलं, तशी या यादीची लांबीही वाढली.

कॉलेजात अन्नरसायन शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली, त्यामुळे ती यादी घेऊन लोक माझ्याकडे येतात. खोटं तिच्यात फारसं काही नाही, आणि म्हणूनच तिला उत्तर देणं अवघड जातं. कोबीत गलगंड आणू शकणारी द्रव्यं आहेत, बाजरीतही आहेत. पण ही दोन्ही द्रव्यं एका जातीची नाहीत. एक चुलीला भितं, दुसरं भीत नाही. यादी करणाऱ्यानं दोघांना एकाच ओळीत बसवलं आणि वर "शिजवून खाल्लं तर चालतं" असं सरसकट लिहून दिलं, तिथं सगळा घोळ होतो.

कोबीची गोष्ट सशांपासून सुरू होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर वेगळ्याच आजाराचं संशोधन करत होते. थायरॉइडशी त्यांचा काही संबंध नव्हता. सशांना रोज मुख्यतः कोबीच घालत असत. पुढं लक्षात आलं की प्राण्यांचे गळे सुजताहेत, चिरून पाहिलं तर थायरॉइडची ग्रंथी कितीतरी पट मोठी. १९२८ साली त्यांनी हे छापलं आणि "कोबीचा गलगंड" हा शब्दप्रयोग वैद्यकात आला. मी वर्गात हे सांगायची तेव्हा पुढच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, मग ससा रानात काय खातो?" प्रश्न बरोबर होता. रानातला ससा दहा तऱ्हेचा पाला खातो. पिंजऱ्यातल्या सशाला निवडच नव्हती.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, सलगम ही सगळी एकाच कुळातली. या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. नुसती असताना ती निरुपद्रवी. त्याच पानात, पण वेगळ्या पेशींत, मायरोसिनेज नावाचं एन्झाइम बंद करून ठेवलेलं असतं. अळीनं पान कुरतडलं, सुरीनं चिरलं किंवा दातांनी चावलं की पेशी फुटतात, दोघं एकमेकांना भेटतात आणि त्यातून झणझणीत, उग्र पदार्थ तयार होतात. अळीला पळवून लावायची ही वनस्पतीची सोय. मोहरी वाटताना नाकात जो ठसका बसतो तो याच भेटीचा. ती भेट होईपर्यंत मोहरीच्या दाण्याला काही वास नसतो.

या भेटीतून निघणाऱ्या पदार्थांपैकी थायरॉइडच्या वाटेला जाणारे दोन. एक थायोसायनेट. ग्रंथीच्या पेशींवर आयोडीन आत ओढून घेणारी जी वाट असते तिथं हा आयोडीनच्या आधी घुसू पाहतो. रक्तात आयोडीन भरपूर असेल तर याचं काही चालत नाही, आणि आयोडीन तुटपुंजं असेल तर मात्र हा जाणवतो. दुसरा गॉयट्रिन. हा वाट अडवत नाही, थेट आत जाऊन आयोडीन जोडणारं एन्झाइम थोपवतो. त्यामुळे आयोडीन वाढवून याला पुरतं हरवता येत नाही. सलगमाच्या कंदातून हे द्रव्य अ‍ॅस्टवुड, ग्रीअर आणि एटलिंगर यांनी १९४९ मध्ये वेगळं काढलं. याच अ‍ॅस्टवुडनी त्याआधी काही वर्षं अशाच घडणीची रसायनं देऊन वाढलेला थायरॉइड आटोक्यात आणून दाखवला होता. आज थायरॉइड जास्त झालेल्या माणसाला डॉक्टर कार्बिमाझोलची गोळी देतात, ती याच गोत्रातली. म्हणजे कोबीला जो दोष म्हणून चिकटला, त्याच तऱ्हेच्या रसायनाचं औषध झालं. मात्रा तेवढी वेगळी.

मात्रेचंच बोलू. शुद्ध गॉयट्रिन माणसांना देऊन पाहिलेलं आहे. २५ मिलिग्रॅमच्या आसपास दिलं तर ग्रंथीचं आयोडीन ओढणं कमी झालं, त्याच्या निम्म्याहून कमी दिलं तेव्हा काही झालं नाही. आता ब्रोकोली किंवा चिनी कोबीच्या १०० ग्रॅमांत यातलं दीड मिलिग्रॅमही निघत नाही. ब्रुसेल्स स्प्राउटसारख्या चुलत भावंडांत बरंच जास्त असतं, आणि आपल्या साध्या कोबीत जातीप्रमाणे कमीजास्त होतं. तरी भाजीच्या ताटानं तो आकडा गाठायचा म्हटलं तर मोठाच घास घ्यावा लागेल.

असा घास कुणी घेतलाच नाही असं मात्र नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ८८ वर्षांच्या एका चिनी आजींची नोंद आली. मधुमेह आटोक्यात यावा म्हणून त्या कित्येक महिने रोज १ ते दीड किलो बोक चॉय, म्हणजे चिनी कोबी, कच्चा खात होत्या. थायरॉइड इतका मंदावला की त्यांना बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणावं लागलं. ही नोंद सगळीकडे "कोबी खाऊन बेशुद्ध" अशी फिरते. त्यातले "कच्चा", "किलोभर", "महिनोन्महिने" हे तीन शब्द मधेच कुठंतरी गळून पडतात.

आता चुलीकडे वळू. मायरोसिनेज हे प्रथिन आहे आणि ते उष्णतेला टिकत नाही. कोबी वाफेनं आतपर्यंत तापला की ते निकामी होतं. ग्लुकोसिनोलेट मात्र उष्णतेनं तेवढं मोडत नाही, ते पाण्यात उतरतं. ब्रिटनमध्ये मोजमाप झालं तेव्हा कोबी अर्धा तास पाण्यात उकळल्यावर त्यातलं सुमारे ६५ टक्के ग्लुकोसिनोलेट कमी झालं आणि फ्लॉवरमधलं ७५ टक्के. गेलं कुठं, तर बहुतेक सगळं त्या पाण्यात. वाफवलं किंवा तेलावर परतलं तेव्हा फारसं काही कमी झालं नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय होतो ते पाहण्यासारखं आहे. हरभऱ्याची डाळ घालून कोबीची सुकी भाजी केली तर पाणी टाकलं जात नाही, म्हणजे ग्लुकोसिनोलेट कढईतच राहतं. पण झाकण ठेवून वाफ आणली की एन्झाइम मरतं, आणि एन्झाइमविना ते द्रव्य बहुतांशी मुकाट पोटात जातं. बहुतांशी म्हणते, कारण आतड्यातल्या जंतूंकडेही त्याला फोडायची थोडी हातोटी असते. फ्लॉवरचं उलटं. अळ्या निघाव्यात म्हणून आपण तुरे मीठ-हळदीच्या कढत पाण्यात घालतो आणि ते पाणी मोरीत ओततो. अळीसाठी केलेल्या या कामात एन्झाइमही मंदावतं आणि थोडं द्रव्यही वाहून जातं. अर्थात पाच मिनिटांत अर्ध्या तासाचा हिशेब लागू होत नाही. आणि त्याच पाण्याचं "पौष्टिक म्हणून" सूप केलं, तर गेलेलं सगळं वाटीत परत आलं.

एक बारकावा स्वयंपाक करणाऱ्यांनीच पाहायचा. कोबी बारीक चिरून तासभर परातीत ठेवला की त्याला उग्र वास सुटतो. तो वास म्हणजे भेट आधीच झाली. त्यातलं काही उडून जातं, पण तयार झालेलं सगळंच पुढं शिजवून पुसलं जात नाही. चिरला तसा लगेच कढईत टाकला तर ही भेट अर्धवटच राहते.

शिजवलेल्या भाजीवर माणसांत थेट प्रयोगही झाला आहे. १९८६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात १० निरोगी माणसांनी ४ आठवडे रोज १५० ग्रॅम शिजवलेले ब्रुसेल्स स्प्राउट खाल्ले. गॉयट्रिनच्या बाबतीत हे कोबीपेक्षा वरचढ, तरी त्यांच्या थायरॉइड संप्रेरकांत फरक पडला नाही. माणसं थोडी होती, मान्य. पण रोजचा दीडशे ग्रॅम आपण कुणी खात नाही.

तेव्हा कोबी-फ्लॉवरपुरतं "शिजवून खा" हे वाक्य खरं आहे. अडचण सुरू होते ती बाजरीपाशी.

बाजरीचं पीठ परातीत घेतलं की त्याला राखाडी, किंचित हिरवट झाक असते. ती झाक ज्या रंगद्रव्यांची, तीच थायरॉइडला अडवणारी द्रव्यं. व्हायटेक्सिन आणि त्याची भावंडं. वर्गात मी हा प्रयोग करून दाखवायची, तो कुणालाही ओट्यावर करता येईल. दोन वाट्यांत चमचा चमचा बाजरीचं पीठ आणि थोडं पाणी. एकीत लिंबू पिळायचं, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा. लिंबाची वाटी हळूहळू उजळते, पांढरट होते. सोड्याची पिवळसर हिरवी पडते. मुलींना वाटायचं, लिंबानं द्रव्य गेलं. गेलं नाही. रंग तेवढा बदलला, द्रव्य वाटीतच आहे. ताकात भिजवून भाकरी पांढरी होते म्हणून ती थायरॉइडला "हलकी" झाली असं समजू नये.

शिजवून का जात नाही, तर या द्रव्यात साखरेचा रेणू कार्बनला कार्बन असा जोडलेला असतो. नेहमीच्या वनस्पतीद्रव्यांत तो ऑक्सिजनमार्फत जोडलेला असतो आणि आंबटानं किंवा उष्णतेनं सुटतो. कार्बनची गाठ तव्याच्या आचेला दाद देत नाही. शिवाय इथं कोबीसारखी दोन द्रव्यांची भेट व्हावी लागत नाही. द्रव्य मुळातच तयार आहे, म्हणून एन्झाइम मारून काही साधत नाही. कडक भाकरी घ्या, जी आपल्याकडे पापडासारखी वाळवून महिनाभर ठेवतात. आच आणि वाळवण दोन्ही सोसूनही तिच्यातलं व्हायटेक्सिन जागच्या जागी असतं.

द्रव्य साठलेलं असतं ते दाण्याच्या सालीत. गैतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बाजरीचे थर वेगळे करून तपासले तेव्हा कोंड्यात ते सर्वांत जास्त आणि आतल्या पिठात सर्वांत कमी निघालं. हे द्रव्य थायरॉइडचं तेच एन्झाइम थोपवतं जे गॉयट्रिन थोपवतं. मग बाजरी सडून कोंडा काढून टाकावा का? काढता येतो, पण त्याबरोबर तंतू आणि लोहही जातं, आणि उरलेल्या पिठाला बाजरीची चवही राहत नाही. एका भीतीपायी धान्याचा गाभाच काढून घेण्यासारखं ते होईल. आंबवूनही सुटका नाही. सुदानी पद्धतीनं आंबवलेली बाजरी उंदरांना घातली तेव्हा तिचा थायरॉइडवरचा परिणाम कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला.

हे सगळं संशोधन सुदानच्या दार्फुर भागातून निघालं. तिथल्या खेड्यांत गलगंड फार होता. आयोडीनची कमतरता होती, पण शहरातही आयोडीन तेवढंच मिळत असूनही गलगंड कमी. फरक ताटात सापडला. खेड्यात दिवसभराच्या उर्जेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश एकट्या बाजरीतून येत होती, शहरात त्याच्या निम्मीच. बाजरीचा थायरॉइडशी संबंध सांगणाऱ्या पुराव्याचा मुख्य भाग म्हणजे हे दार्फुर, उंदीर आणि काचेच्या नळ्या. भरडधान्यांत बाजरी आणि आफ्रिकेतलं फोनिओ यांच्यावरच काम झालेलं आहे. नाचणी, वरई, राळा यांची नावं यादीत कुणी घातली ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक.

आणि ज्वारी? सोलापूर जिल्हा ज्वारीवर जगतो, मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा हा प्रश्न इथं येणारच. ज्वारीत वेगळीच भानगड आहे. तिच्या कोवळ्या धाटात, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या पोंग्यात, सायनाइड सोडणारं धुरिन असतं. जनावरानं ते खाल्लं तर तासाभरात आडवं होतं, म्हणून शेतकरी कोवळ्या ज्वारीत गुरं सोडत नाही. शरीर थोड्या सायनाइडचं थायोसायनेट करतं, आणि ते पुन्हा कोबीवालंच. पण पक्क्या दाण्यात धुरिन नसल्यात जमा. हुरडा हाही दाणाच, पोंगा नव्हे. दाण्याला मोड आणले की मात्र मोडात ते परत येतं, म्हणून मोडाची ज्वारी कच्ची सॅलडमध्ये घालायची नवी टूम मला आवडत नाही. लहान मुलांच्या सत्त्वासाठी मोड आणले तर वाळवून, मोड चोळून काढून, भाजून मगच दळावं. आपल्या घरी तेच करतात.

आता एक घर सांगते. पूर्वभागातलं, एकेकाळी यंत्रमागाचा खडखडाट असलेलं. रेणुकाताई माझ्या ओळखीच्या, वय पन्नाशीच्या आत. चार-पाच वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारा आकडा, तीनच्या आसपास स्थिर असायचा. एका हिवाळ्यात तो ९.६ आला. घरात लगेच खटला उभा राहिला आणि आरोपी दोन, कोबी आणि बाजरी. त्यांनी दोन्ही सोडले. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ९.१. मग त्या माझ्याकडे आल्या.

"बाई, भोगीला बी मी भाकरी खाल्ली न्हाई. सगळ्यांनी खाल्ली, मी चपाती. तरी तसंच की ओ!"

आवाजात तक्रार थायरॉइडपेक्षा भोगीची जास्त होती. तिळाची बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी, हे सोडून चपाती खाणं म्हणजे शिक्षाच.

त्यांचं खाणं विचारलं. बाजरी संध्याकाळी एक भाकरी, तीही हिवाळ्यापुरती. एरवी ज्वारी. कोबी आठवड्यातून दोनदा, शिजवलेला. दार्फुरशी यांचा काही संबंध लागत नव्हता. पण त्याहून मोठा मुद्दा पुढचा, आणि तो यादीत कधीच नसतो. कोबी-बाजरीतली द्रव्यं ग्रंथीला संप्रेरक *तयार करू* देत नाहीत. ज्यांची ग्रंथी आधीच थकली आहे आणि संप्रेरक गोळीतून तयार मिळतं, त्यांच्या बाबतीत अडवायला उरलंय काय? थोडीफार चालू असलेली ग्रंथी अजून मंदावेलही, पण ती कसर डॉक्टर गोळीच्या मात्रेत भरून काढतात. गोळीला कोबी अडवत नाही. गोळीला अडवणारे वेगळे असतात, आणि ते पोटात, ग्रंथीत नव्हे.

म्हणून मी ताटाऐवजी सकाळ विचारली. उठल्यावर काय काय घेता, कशाच्या मागून काय. रेणुकाताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची डबी काढून दाखवली. थायरॉइडची बारीक पांढरी गोळी आणि तिच्याशेजारी मोठी, खडूच्या तुकड्यासारखी कॅल्शियमची. गुडघ्यांसाठी दिवाळीत सुरू केलेली. "विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेते, चहाबरोबर."

कॅल्शियम गोळीतल्या थायरॉक्सिन या संप्रेरकाला आतड्यात धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. चहा-कॉफीनंही शोषण घटतं. म्हणून ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि कॅल्शियम किंवा लोह निदान चार तासांच्या अंतरानं. दिवाळी ते हिवाळ्यातला रिपोर्ट, तारखाही जुळत होत्या. मी त्यांना डॉक्टरांकडे तीच डबी घेऊन पाठवलं. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही, फक्त कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर ढकललं. थायरॉक्सिनचा रक्तातला अर्धा साठा उतरायला आठवडाभर लागतो, त्यामुळे कुठलाही बदल केला तरी टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनंतरच तपासण्यात अर्थ. त्या वेळी आला ३.४. बाजरी आणि कोबी तोवर परत सुरू झालेले होते.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीही नसती. पण त्यांच्या स्वयंपाकघरात बसले असताना मला ओट्यावर गुलाबी खडे दिसले. सैंधव. गेल्या काही वर्षांत सोलापुरात किती घरांतून पुड्याचं मीठ गेलं आणि हे खडे आले, मोजदाद नाही. रक्तदाबाला चांगलं, नैसर्गिक, असं काहीबाही सांगून विकतात. आणि त्याच घरात रेणुकाताईंची सून होती, पाचवा महिना.

रेणुकाताईंना सैंधवानं काही बिघडणार नव्हतं. सुनेचं बिघडू शकत होतं. पुड्याच्या मिठात दुकानातून घरी येईतो किलोमागे १५ मिलिग्रॅम तरी आयोडीन असावं असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम, जी मोठ्या माणसाची रोजची गरज. गरोदर बाईची गरज २५० पर्यंत जाते, कारण पहिले काही महिने बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइडवर वाढतो. शिजवताना पाचवा हिस्सा तरी उडतो असं धरून हिशेब करायचा. पुड्याचं मीठ खाणाऱ्या गरोदर बाईचाही हिशेब असा अपुराच पडतो, बाकीचं दूध-अंड्यातून यावं लागतं. सैंधवात तर सहसा आयोडीन घातलेलंच नसतं.

आता पहिल्यांदा सांगितलेलं थायोसायनेट आठवा. आयोडीन भरपूर असताना ते निष्प्रभ होतं. या सुनेच्या शरीरात आयोडीन कमी पडत असेल तर कोबीची कोशिंबीर, मुळा, बाजरी हे सगळं तिला जाणवू शकतं. त्याच ओट्यावर, त्याच भाजीतून. सासूच्या ताटातून काढलेली भाकरी खरं तर सुनेच्या ताटाला लागू होती, आणि तिथंही भाकरी काढायची नव्हती, मीठ बदलायचं होतं.

नुसतं सांगून पटणार नाही हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेतून आणलेली स्टार्चची बाटली घेऊन पुढच्या वेळी गेले. त्यात थोडं आयोडाइड आणि आम्ल मिसळलेलं असतं, आरोग्य खात्याच्या मीठतपासणीच्या संचात असतं तसंच. बशीच्या एका कडेला शेजारणीकडून आणलेलं पुड्याचं मीठ, दुसऱ्या कडेला कुटलेलं सैंधव. एकेक थेंब. पुड्याचं मीठ बघता बघता जांभळं झालं, शाईचा डाग पडावा तसं. सैंधव गुलाबीच राहिलं. सून वाकून पाहत होती. "म्हंजे ह्यात न्हाईच?" नाही. घरी लिंबू आणि भाताच्या पेजेनं ही तपासणी करतात, ती मात्र फसवी. आपल्या मिठात आयोडीन आयोडेटच्या रूपात असतं आणि आयोडाइडविना त्याला रंग येत नाही.

१९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींच्या चमूनं काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं आणि काहींना साधं. आयोडीनच्या गावांत पुढच्या वर्षांत गलगंड ओसरत गेला. तिथल्या लोकांनी कोबी-मुळा सोडलेला नव्हता. ही एक गोष्ट सुनेला सांगितली, बाकी रसायन गुंडाळून ठेवलं. सैंधव आता उपासाच्या डब्यात आहे. रोजच्या भाजीत पुड्याचं मीठ, आणि तेही शेवटी घालायचं, उकळीत कमी राहावं म्हणून. तिचा टीएसएच तिच्या डॉक्टरांनी तपासला, तिमाहीच्या हिशेबात होता. प्रत्येक तिमाहीत तो पुन्हा पाहायचा ठरलं.

कुणाला मी खरंच "थांबा" म्हणते, तेही सांगून टाकते. रोज सकाळी कच्च्या कोबीचा आणि पालेभाज्यांचा पेलाभर रस पिणाऱ्यांना. रसात भाजी किलोच्या हिशेबानं जाते, मिक्सरमध्ये पेशी पुरत्या फुटतात आणि आच कुठंच लागत नाही, म्हणजे त्या आजींचे दोन शब्द तर जुळलेच, महिने तेवढे उरले. आणि तिन्ही वेळा फक्त बाजरी, वर सैंधव, असं वजन कमी करायचं खूळ घेतलेल्यांना. त्यांनी बाजरी ज्वारीशी वाटून घ्यावी, एक वेळ ही, एक वेळ ती, जसं सोलापूर आजवर करत आलं.

पुढच्या भोगीला रेणुकाताईंकडून मला निरोप आला. बाजरीचं पीठ कडू लागतंय, थायरॉइडचं काही आहे का त्यात? पीठ कधी दळलं ते विचारलं. तीन आठवडे झाले होते. बाजरीच्या दाण्यात तेल बरंच असतं, दळलं की ते लवकर खवट होतं. ताजं दळून आणा म्हटलं, आठवड्याचंच, त्याहून जास्त नको.